ऐन गळीत हंगामात राजीनामा: आभार, तारीख आणि हँडओव्हरचा आराखडा

प्रश्न: मी कोल्हापुरात साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत सात वर्षे अभियंता आहे. ऊस बिलाचा भाग पूर्णपणे माझ्याकडे आहे. जर्मनीत नोकरी मिळाली आहे, व्हिसा पासपोर्टवर लागला आहे आणि १ फेब्रुवारीला रुजू व्हायचे आहे. नोटीस ६० दिवसांची आहे, पण हंगाम नुकताच सुरू झाला आहे आणि ज्या सरांनी मला शिकवले त्यांना अशा वेळी सोडून जाणे जड जाते. आमच्याकडे पत्रव्यवहार मराठीत चालतो. त्यांचे आभार मानणारा आणि काम नीट सोपवण्याची योजना देणारा ईमेल कसा लिहावा?

उत्तर: गेली अनेक वर्षे मी टीम सांभाळतो आहे आणि असे ईमेल माझ्याकडे नियमित येतात, म्हणून ते वाचणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. राजीनाम्याचा ईमेल उघडल्यावर मॅनेजर आधी तारीख शोधतो, आणि ती सापडली की त्याच्या मनात एकच प्रश्न राहतो: हा माणूस गेल्यावर पुढचे बिल कोण काढणार? आभार तो नंतर, शांतपणे वाचतो. तुमच्या ईमेलचे वजन त्यामुळे हँडओव्हरच्या परिच्छेदावर पडणार आहे, आणि तो परिच्छेद 'मी सर्व ज्ञान हस्तांतरित करेन' अशा एका वाक्यावर भागवला तर सरांना त्यातून काहीच कळणार नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत थांबलात हे योग्य केलेत. 'व्हिसा मिळाल्यास राजीनामा समजावा' असे सशर्त ईमेल मी पाहिले आहेत. त्यांच्यावरून कंपनीला नवा माणूस शोधता येत नाही आणि नोटिशीचे दिवसही नक्की मोजता येत नाहीत.

तारखेचा हिशोब ईमेल लिहिण्याआधीच करून घ्या. समजा ३ नोव्हेंबरला ईमेल पाठवला आणि दुसरा दिवस पहिला धरला, तर नोव्हेंबरचे २७, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २ मिळून ६० दिवस होतात आणि शेवटचा दिवस २ जानेवारी येतो. करारात '६० दिवस' लिहिले आहे की 'दोन महिने', नोटीस ईमेलच्या दिवसापासून मोजायची की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि उरलेल्या रजा नोटिशीत वळत्या करता येतात का, ही तीन वाक्ये करारात शोधून वाचा. एका दिवसाच्या फरकावरून हिशोबाच्या वेळी वाद झालेले मी पाहिले आहेत. ईमेलमध्ये मात्र '६० दिवसांनी' असे न लिहिता थेट तारीख लिहा. १ फेब्रुवारीपर्यंत चार आठवडे हातात राहतात, ते घर आवरण्यासाठी आणि प्रवासासाठी ठेवा. 'गरज पडली तर जानेवारीभर थांबेन' हे वाक्य ईमेलमध्ये चुकूनही नको, कारण गरज पडतेच.

आता मुख्य गोष्ट. हंगामात सोडून जाणे तुम्हाला अडचणीचे वाटते, पण हँडओव्हरच्या दृष्टीने ही वेळ उन्हाळ्यापेक्षा बरी आहे. ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे देण्याचे बंधन १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि कारखाने साधारणपणे पंधरवड्याची बिले काढतात. म्हणजे तुमच्या नोटिशीच्या काळात १ ते १५ नोव्हेंबर, १६ ते ३० नोव्हेंबर आणि १ ते १५ डिसेंबर अशी तीन खरी बिले निघतील, आणि १६ ते ३१ डिसेंबरचे चौथे बिल तुम्ही गेल्यावर निघेल. मे महिन्यात राजीनामा दिला असता तर सहकाऱ्याला दाखवायला फक्त जुना डेटा असता, आणि जुन्या डेटाने कोणी कधी घाबरत नाही. खरे बिल म्हटले की शेतकी विभागाचा फोन येतो, एखाद्या खेपेची पावती उशिरा येते, बँकेची यादी परत येते, आणि शिकणे तिथेच होते.

म्हणून आराखडा या बिलांवरच बसवा. पहिले बिल तुम्ही काढायचे आणि सहकाऱ्याने शेजारी बसून टिपणे घ्यायची. टिपणे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायची, तुम्ही सांगून नव्हे. दुसरे बिल त्याने काढायचे आणि तुम्ही शेजारी बसायचे, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. तिसरे बिल त्याने एकट्याने काढायचे. तुम्ही त्याच कार्यालयात दुसऱ्या टेबलावर असायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही. या तिसऱ्या बिलात तो जे जे विचारेल ते टिपणातून सुटले आहे असे समजावे आणि त्याच दिवशी लिहून काढावे. प्रश्न किती आणि कोणते आले, यावरून चौथ्या बिलाची अवस्था तुम्हाला आणि सरांना आधीच कळेल. केटीच्या नावाखाली दोन-दोन तासांचे व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवण्याची पद्धत पडली आहे, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. अडचणीच्या रात्री ते उघडून पाहणारा माणूस मला भेटलेला नाही.

टिपणात काय यावे, हे एका उदाहरणाने सांगतो. कोडमध्ये सूत्र असते, पण त्या सूत्रामागचा निर्णय फक्त तुमच्या डोक्यात असतो. समजा एका शेतकऱ्याच्या तीन खेपा आल्या: १८.२४५, १६.९२५ आणि १७.१०५ टन, आणि दर टनाला ३,१५० रुपये धरला. रकमा होतात ५७,४७१.७५, ५३,३१३.७५ आणि ५३,८८०.७५. प्रत्येक पावती पूर्ण रुपयात करून बेरीज केली तर १,६४,६६७ रुपये येतात, आणि आधी बेरीज करून मग पूर्ण रुपयात केली तर १,६४,६६६. फरक रुपयाचा आहे, पण हजारो शेतकऱ्यांच्या यादीत तो साठत जातो आणि बँकेला पाठवलेल्या यादीची बेरीज खतावणीशी जुळत नाही. नव्या माणसाला हे माहीत नसेल तर तो 'कोड स्वच्छ करताना' पूर्णांक करण्याची जागा हलवतो, आणि कारखान्याच्या हिशेबनिसाला रात्री अकरा वाजता एक-एक रुपया शोधत बसावे लागते.

कपातींच्या क्रमाचेही तसेच आहे. विकास सोसायटीचे कर्ज, बँकेचा हप्ता, कारखान्याकडून उचललेले खत आणि रोप, शेअर्सची रक्कम यांपैकी आधी काय वळते करायचे, आणि बिल अपुरे पडले तर काय पुढच्या पंधरवड्यावर ढकलायचे, हे प्रत्येक कारखान्यात वेगळे असते आणि बहुधा कोणीतरी कधीतरी फोनवर सांगितलेले असते. मयत सभासदाच्या वारसाची नोंद व्हायची असताना त्या नावावरचे बिल रोखायचे की अनामत ठेवायचे, हेही त्यातलेच. अशा प्रत्येक नियमापुढे तो कोणत्या कारखान्यासाठी आहे आणि कारखान्यातल्या कोणत्या विभागाने तो सांगितला, एवढे लिहिले तरी टिपण उपयोगाचे होते. कोड कसा चालतो याची वीस पाने लिहू नका. ते कोड वाचून कळते.

आपल्याच नावावर नेमके काय अडकले आहे हे आठवून लिहू नका, यंत्राला विचारा. पुढच्या तीन आज्ञांपैकी पहिलीने बिलाच्या फोल्डरमध्ये वर्षभरात कोणी किती बदल केले ते दिसते, आणि उरलेल्या दोन आज्ञांनी तुमच्या खात्यावर आणि सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामे कळतात. फोल्डरचे आणि खात्याचे नाव तुमच्याकडे असेल ते घाला.

```
git shortlog -sn --since="1 year ago" HEAD -- billing/
sudo crontab -l -u USERNAME
systemctl list-timers --all
```

पहिल्या यादीत तुमच्या नावापुढे जवळजवळ सगळे बदल असतील आणि दुसरे नाव नावालाच असेल, तर सोपवण्याचे काम तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठे आहे. दुसरी यादी जास्त धोक्याची. रात्री बँकेची फाईल तयार करणारे किंवा बॅकअप घेणारे काम तुमच्या वैयक्तिक खात्यावरून चालत असेल, तर तुम्ही गेल्यावर खाते बंद होते आणि ते काम गुपचूप थांबते. पडद्यावर कुठे लाल अक्षरे दिसत नाहीत. सकाळी फाईल नसते, एवढेच. बॅकअपच्या बाबतीत तर तेवढेही कळत नाही, डेटा परत घ्यायची वेळ आल्यावरच कळते.

यावर मी माझ्या टीममध्ये एक नियम ठेवला आहे आणि तो तुम्ही स्वतःहून ईमेलमध्ये सुचवावा: शेवटच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या चार दिवस आधीच सर्व्हरवरचे आपले खाते बंद करून घ्यावे. २९ डिसेंबरला खाते बंद केले तर जे काही तुमच्यावर टेकलेले आहे ते ३० तारखेच्या सकाळी मोडेल, आणि तुम्ही अजून कार्यालयातच असाल. खाते बंद असल्यामुळे ते दुरुस्त सहकाऱ्यालाच करावे लागेल, तुम्ही फक्त सांगाल. स्वतःच्या हातातून किल्ली काढून घ्या असे जाणारा माणूस स्वतः म्हणतो, तेव्हा मॅनेजरच्या मनातली बरीच धाकधूक तिथेच संपते.

परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे मोबाईल नंबर. छोट्या कंपनीत डोमेनचे खाते, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचे खाते, क्लाउडचे खाते हे सगळे सुरुवातीला ज्याने उघडले त्याच्या नंबरवर असते. तुम्ही जर्मनीत गेलात, इथले सिम बंद पडले, आणि डोमेनच्या नूतनीकरणाचा ओटीपी त्या नंबरवर गेला, तर कारखान्याची लॉगिनची पाने एका सकाळी उघडणार नाहीत. ही खाती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कंपनीच्या नंबरवर आणि कंपनीच्या ईमेलवर वळवा. काही ठिकाणी त्यासाठी अर्ज आणि शिक्का लागतो, आणि तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. पासवर्ड मात्र ईमेलमध्ये किंवा टिपणात लिहू नका. ते कंपनीच्या पासवर्ड तिजोरीत ठेवा आणि तुम्ही गेल्यावर ते बदलावेत, असे लेखी सुचवा.

आभाराबद्दल थोडक्यात. 'आपल्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहे' हे वाक्य कोणत्याही मॅनेजरला लिहिता येते, म्हणून ते सरांना लागू पडत नाही. त्यांनी केलेली एकच गोष्ट, जी फक्त तुम्हाला दोघांनाच माहीत आहे, ती दोन-तीन वाक्यांत सांगा. तक्रार, पगाराचा विषय, नव्या कंपनीचे नाव आणि तिथल्या पगाराचा सूचक उल्लेख यांपैकी काहीही नको. हा ईमेल तुमच्या फाईलमध्ये राहतो आणि सरांनंतर तो कोण वाचेल हे सांगता येत नाही.

तुमच्या माहितीवर मसुदा असा होईल. सरांच्या आठवणीचा भाग मी नमुन्यादाखल लिहिला आहे, तिथे तुमची खरी आठवण घाला.

---

विषय: राजीनामा – कामाचा शेवटचा दिवस २ जानेवारी

आदरणीय सर,

नमस्कार. मी सॉफ्टवेअर अभियंता या पदाचा राजीनामा देत आहे. करारातील ६० दिवसांच्या नोटिशीप्रमाणे २ जानेवारी हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. नोकरीसाठी मी जर्मनीला जात आहे. आज सकाळी आपल्याशी प्रत्यक्ष बोललो, त्याची ही लेखी नोंद समजावी.

पहिल्या हंगामात कोड लिहायला देण्याआधी आपण मला कारखान्याच्या काट्यावर आणि मग शेतकी कार्यालयात बसवलेत. गाडी काट्यावर आल्यापासून शेतकऱ्याच्या हातात बिल पडेपर्यंत काय काय घडते हे तिथे पाहिले नसते, तर मी लिहिलेले बिल कागदावर बरोबर आणि कारखान्यात निरुपयोगी ठरले असते. ती पद्धत मी माझ्यासोबत घेऊन जात आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

हंगाम सुरू असल्याने हँडओव्हर मी पंधरवड्याच्या बिलांना जोडून सुचवत आहे. १ ते १५ नोव्हेंबरचे बिल मी काढेन आणि आपण नेमाल ते सहकारी सोबत बसून टिपणे घेतील. १६ ते ३० नोव्हेंबरचे बिल ते काढतील आणि मी सोबत असेन. १ ते १५ डिसेंबरचे बिल ते स्वतंत्रपणे काढतील. १६ ते ३१ डिसेंबरचे बिल माझ्या पश्चात निघेल, त्यामुळे १० नोव्हेंबरपर्यंत सहकाऱ्याचे नाव ठरावे ही विनंती.

पूर्णांक करण्याचे नियम, कपातींचा क्रम आणि रोखलेली बिले यांचे कारखानावार टिपण २० डिसेंबरपर्यंत पूर्ण करेन. माझ्या मोबाईल नंबरवर असलेली कंपनीची खाती ७ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या नंबरवर वळवेन. सर्व्हरवरील माझे खाते २९ डिसेंबरलाच बंद करावे, म्हणजे माझ्यावर अवलंबून राहिलेले काही असल्यास मी इथे असतानाच लक्षात येईल. बिलाच्या पडद्यावरील नवे बदल मात्र या काळात पूर्ण होणार नाहीत. ते हंगाम संपेपर्यंत थांबवावेत असे मला वाटते.

२ जानेवारीनंतर जानेवारी अखेरपर्यंत सहकाऱ्यांना काही विचारायचे असल्यास मी फोनवर उपलब्ध असेन; सर्व्हरवर काम करणे मात्र तेव्हा शक्य होणार नाही. तारखेस आपली लेखी संमती मिळाल्यास पुढील कामाची मांडणी करता येईल.

आपला नम्र,
(नाव, वैयक्तिक ईमेल)

---

या मसुद्यातली दोन वाक्ये मुद्दाम घातली आहेत. 'नवे बदल पूर्ण होणार नाहीत' हे वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल, कारण ते वाईट बातमीचे आहे. पण काय होणार नाही हे आधी सांगितले तरच काय होणार याच्या तारखांवर सर विश्वास ठेवतील, आणि कारखान्याने मागितलेल्या नव्या रिपोर्टला ते वेळेत नाही म्हणू शकतील. दुसरे वाक्य जानेवारीअखेरच्या मर्यादेचे. भावनेच्या भरात 'कधीही फोन करा, मी करून देईन' असे लिहिले जाते. १ फेब्रुवारीनंतर तुम्ही दुसऱ्याच्या नोकरीत असाल, आणि इथल्या सर्व्हरवर बसून केलेले काम नव्या करारातल्या आणि व्हिसाच्या अटींना आड येऊ शकते. फोनवर सांगणे आणि हाताने करणे यांतली रेघ ईमेलमध्येच ओढलेली बरी.

सर मोठ्या मनाने म्हणतील की २० डिसेंबरनंतर येऊ नकोस, किंवा उलट म्हणतील की हंगामभर थांब. दोन्हींचे उत्तर तोंडी देऊ नका. तारीख बदलायची असेल तर त्याच ईमेलला जोडून नवी तारीख दोघांच्या लेखी संमतीने लिहा. सहकाऱ्याचे नाव १० नोव्हेंबरपर्यंत ठरले नाही, आणि छोट्या कंपन्यांत ते बहुधा ठरत नाही, तर पहिले बिल वाया जाते. मग दुसऱ्या बिलाला तुम्ही काढायचे आणि तिसऱ्याला त्याने, असा आराखडा आकसतो. एकट्याने काढण्याची पायरी गळते. असे झाले तर त्याच दिवशी ईमेलने कळवा की स्वतंत्र बिलाची चाचणी आता होणार नाही, आणि त्याऐवजी ऑक्टोबरअखेरच्या बॅकअपची प्रत वेगळ्या सर्व्हरवर उभी करून तिच्यावर १ ते १५ नोव्हेंबरच्या पावत्या चढवून ते बिल सहकाऱ्याने पुन्हा काढावे. नवे बिल आणि आधी निघालेले बिल रुपयाला रुपया जुळले पाहिजे. खऱ्या बिलाइतके हे चांगले नाही, तरी पूर्णांकाची आणि कपातींची चूक त्यात सापडते, आणि बॅकअप खरोखर उघडतो का हेही कळते.

पाठवण्याचा क्रम असा ठेवा: सकाळी सरांना केबिनमध्ये भेटून बोला, मग त्याच दिवशी ईमेल, प्रत मनुष्यबळ विभागाला, आणि कंपनीचे पोर्टल असेल तर तिथेही तीच तारीख भरा. पाठवलेल्या ईमेलची पीडीएफ स्वतःकडे ठेवा, कारण कार्यालयाचा मेलबॉक्स शेवटच्या दिवशी बंद होतो. ग्रॅच्युइटी, रजांचे पैसे, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचे पत्र यांविषयी मनुष्यबळ विभागाला दुसरा, वेगळा ईमेल डिसेंबरच्या सुरुवातीला पाठवा. कंपनीला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असेल तर सात वर्षे झाल्याने तिचा हक्क तुम्हाला आहे, पण तो विषय आभाराच्या पत्रात आला की पत्राचा सूर बदलतो. रिलीव्हिंग आणि अनुभवाची दोन्ही पत्रे सही-शिक्क्याची आणि इंग्रजीत मागा, आणि त्यांवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर-अक्षर जुळते का ते निघण्याआधी पाहा. वडिलांचे नाव एका कागदावर मध्ये आणि दुसऱ्यावर शेवटी असे आपल्याकडे सर्रास होते, आणि तिकडून ते दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे जाते. दोन दिवसांत सरांचे लेखी उत्तर आले नाही, तर पुन्हा सगळा ईमेल न पाठवता त्याच धाग्यात एका ओळीत विचारा की २ जानेवारी ही तारीख नक्की समजू का.